आधी गोष्ट, मग फोटो : आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमचा स्टुडिओ वडिलांनी सुरू केला तेव्हा पासपोर्टचे फोटो, मुंजी आणि लग्ने एवढ्यावर घर चालत असे. मोबाइल आल्यावर पहिले काम गेले, मग दुसरेही आटले, आणि लग्नाच्या व्हिडिओसाठी माझ्या निम्म्या वयाची मुले ड्रोन घेऊन येऊ लागली. घरातल्या ज्येष्ठांची मुलाखत चित्रित करायची आणि त्यांच्या गोष्टींवर जुने फोटो ठेवून त्याचा माहितीपट करायचा, हा आज आमचा मुख्य व्यवसाय आहे. त्याची सुरुवात २०१७ मध्ये माझ्या आत्यापासून झाली. तो पहिला माहितीपट आम्हाला दोनदा करावा लागला. या कामातले जे काही आम्हाला कळते, त्यातले बरेचसे त्या दुसऱ्या वेळी कळले.

आत्या पुण्यातल्या नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही, तेव्हा ती नववीत होती. घर गेले, आणि त्यानंतरची काही वर्षे आजोबांचे कुटुंब पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहिले. हे सगळे आम्ही भावंडांनी तुकड्यातुकड्यांनी ऐकले होते. ते एकदा सलग नोंदवून ठेवावे, एवढीच कल्पना होती.

पहिली चूक पहिल्या दहा मिनिटांत झाली. बोलण्याला विषय मिळावा म्हणून मी अल्बम तिच्या मांडीवर ठेवला आणि कॅमेरा सुरू केला. आत्या पान उलटत गेली आणि “ही माझी मावशी, हा तिचा थोरला, ही साडी तिला साताऱ्याहून आली होती,” असे सांगत गेली. दीड तास चित्रीकरण झाले; पण घरी येऊन ऐकले तेव्हा लक्षात आले की ती आठवत नव्हती, समोर दिसते त्याचे वर्णन करत होती. फोटोत नसलेली माणसे तिच्या बोलण्यातही आली नव्हती. पुराच्या दिवसाचा तर एकही फोटो घरात नव्हता, त्यामुळे ज्यासाठी बसलो होतो तो दिवस तिने तीन वाक्यांत संपवला. शिवाय मान सतत खाली असल्यामुळे चेहऱ्याऐवजी केसांचा भांगच चित्रित झाला होता.

तेव्हापासून आमच्याकडे मुलाखतीच्या दोन बैठका असतात. पहिल्या बैठकीत खोलीत एकही फोटो ठेवत नाही, भिंतीवरचाही उतरवतो. दुसरी बैठक सुमारे आठवड्याने, त्याच खुर्चीत, त्याच वेळी आणि तोच कॉलर माइक लावून घेतो. त्या वेळी फोटो एकेक करून हातात देतो. आत्याच्या दुसऱ्या प्रयत्नात मी फक्त विचारले, “त्या दिवशी सकाळी चुलीवर काय होते?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अगं, भात होता. आईने भाताचं पातेलं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, पळ. मी नदीकाठच्या ओंकारेश्वराकडे तोंड करून निघाले होते, कुणीतरी दंडाला धरून मागे वळवलं.” गरम पातेल्याने तिची बोटे भाजली होती, हे त्याआधी घरात कुणालाही ठाऊक नव्हते.

या बैठकीच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद ठेवतो. पंख्याची घरघर कानाला जाणवत नाही, पण माइक ती टिपतो, आणि दोन वाक्ये जोडली की सांध्यावर तिची लय तुटलेली लगेच ऐकू येते. बोलणे संपल्यावर सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा नोंदवतो. पुढे जिथे खोकला किंवा “पाणी दे गं” कापायचे असते तिथे हीच शांतता भरता येते. पूर्ण निःशब्द जागा ठेवली तर ऐकणाऱ्याला टीव्ही बंद पडल्यासारखे वाटते.

आता फोटोंविषयी. पुरात आमच्या घरातले जवळपास सर्व फोटो गेले, पण सगळे नष्ट झाले असे मात्र नाही. त्या काळी कुणाचे लग्न किंवा बारसे झाले की फोटोची एक प्रत नातेवाइकांना टपालाने जात असे. आत्याच्या मावशीच्या साताऱ्याच्या घरी लोखंडी पेटीत आमच्या आजोबांच्या घरचे चौदा फोटो निघाले, आणि पाठीवर शाईने तारखा होत्या. म्हणून आजही ग्राहक “आमच्याकडे काहीच उरले नाही” असे म्हणाले की आम्ही आधी मुलींच्या सासरी आणि मामांकडे फोन करायला सांगतो.

एक फोटो मात्र पुराच्या चिखलातूनच वर काढलेला होता, आजी-आजोबांचा लग्नानंतरचा, चौकटीतला. भिजल्यावर फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि वाळताना काचेला चिकटून बसतो. तसा फोटो ओढून काढला तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. आमच्या नशिबाने आजोबांनी छप्पन्न वर्षे त्याला हात लावला नव्हता आणि लावूही दिला नव्हता. मी तो काचेसकट प्रिंटरच्या स्कॅनरवर ठेवला, तर चित्र धूसर आले. अशा स्वस्त स्कॅनरला त्याच्या स्वतःच्या काचेला टेकलेला कागदच स्पष्ट दिसतो, आणि इथे मधे चौकटीची काच होती. शेवटी फोटो टेबलावर सपाट ठेवला, कॅमेरा बरोबर वर टांगला, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावले, आणि कॅमेऱ्याचेच प्रतिबिंब काचेत पडू नये म्हणून काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून भिंग बाहेर काढले. चिखलाची रेघ आजोबांच्या फेट्यावरून गेली आहे. ती संगणकावर पुसून टाकता आली असती, आणि धाकट्या भावाने तसे करून दाखवलेही. पण आत्याने पुसलेली प्रत पाहून “हे आमच्याकडचं नाही,” एवढेच म्हटले.

बाकीच्या फोटोंसाठी साधा हिशेब आहे. बॉक्स कॅमेऱ्याचे प्रिंट बरेचदा निगेटिव्हच्याच मापाचे, म्हणजे सुमारे सहा बाय नऊ सेंटिमीटर असतात. ते ६०० डीपीआयने स्कॅन केले तर लांबीला एकवीसशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. १९२० पिक्सेलच्या पडद्याला ते जेमतेम पुरतात, पण एका चेहऱ्याकडे जवळ जायचे म्हटले की चित्र फुटते. त्यामुळे लहान प्रिंट आम्ही १२०० डीपीआयनेच घेतो, आणि मागची बाजूही स्कॅन करतो. तो मागचा मजकूर पुढे किती कामी येतो, हे मला महागात पडून कळले.

जुळणी करताना आम्ही आधी फक्त आवाजाचा माहितीपट पूर्ण करतो. दोन तास चाळीस मिनिटांचे बोलणे शब्दशः उतरवले (यालाच तीन दिवस लागले), कागदावर खुणा केल्या, आणि चोवीस मिनिटांचा आवाज डोळे मिटून ऐकला तरी गोष्ट कळते अशी खात्री झाल्यावरच फोटो उघडले. उलट क्रमाने केले की चांगल्या फोटोसाठी कमअस्सल गोष्ट आत शिरते. फोटो त्या माणसाचे नाव उच्चारले गेल्यावर क्षणभराने यावा, आधी आला तर सांगणारीच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे होते. एका माणसाचा फोटो सहा-सात सेकंद पुरतो, पंधरा जणांच्या फोटोला दुप्पट वेळ द्यावा लागतो, कारण बघणारा त्यात आपल्या ओळखीचा चेहरा शोधत असतो. हळूहळू जवळ जाण्याची हालचाल मी शंभरावरून एकशे पाच-सहा टक्क्यांपर्यंतच ठेवते. आणि आवाज जड झाला की फोटो अजिबात नाही, तिथे आत्याचा चेहराच हवा.

फोटोचा आणखी एक उपयोग असतो आणि त्याची मला थोडी भीती वाटते. फोटो पडद्यावर असताना खाली दोन वाक्ये जोडलेली कुणाला दिसत नाहीत. त्यामुळे मधले “मला वाटतं” किंवा “असं आई सांगायची” काढून टाकले तर ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते. हे दोन शब्दप्रयोग आमच्याकडे कापायचे नाहीत, असा नियम आहे.

पुराचा फोटो नसल्यामुळे भावाने वर्तमानपत्रातले फोटो सुचवले होते. १९६१ साली छापलेल्या फोटोवरचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्याप्रमाणे तेव्हा अजून संपलेला नव्हता, हे ते न वापरण्याचे एक कारण. पण परवानगी मिळाली असती तरी मी नाहीच म्हटले असते, कारण आत्याने त्या फोटोंतला पूल पाण्याखाली गेलेला पाहिलाच नव्हता. ती भाताचे पातेले घेऊन उलट दिशेला पळत होती. त्या चार मिनिटांत पडद्यावर फक्त ती आहे.

आता दुसऱ्यांदा माहितीपट का करावा लागला ते सांगते. गणपतीत सगळे जमले असताना पहिली आवृत्ती दाखवली. सुरुवातीला आत्या नारायण पेठेतल्या वाड्याबद्दल बोलते, आणि तिथे मी तिचा वक्तृत्वाचे पदक लावलेला फोटो ठेवला होता. दुसऱ्या बैठकीत तिनेच “हा वाड्यातला, पुराच्या आधीचा,” असे सांगितले होते. काका उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “ताई, हा वाडा नाही. मागची भिंत बघ, वाकलेली आहे.” खरेच, तिच्या खांद्यामागे नालीदार पत्रा होता आणि तो वर जाताना आतल्या बाजूला झुकला होता. निसेन हटला भिंत आणि छप्पर वेगळे नसते, जमिनीपासून एकच अर्धगोल पत्रा जातो. मी तो फोटो जवळजवळ चाळीस वेळा पाहिला होता, पण चेहराच पाहिला होता. घरी जाऊन मागच्या बाजूचे स्कॅन उघडले, तर पेन्सिलीने १९६३ लिहिलेले होते.

आत्या खोटे बोलली नव्हती. पदक तिला पुराच्या आधीच मिळाले होते आणि ते वाचले होते, कारण त्या दिवशी ते तिच्या गळ्यात होते. फोटो मात्र नंतर शेजारच्यांनी काढला होता. आता आम्ही प्रत्येक फोटोसाठी एक कागद करतो, त्यावर मागचा मजकूर, सांगणाऱ्याचे म्हणणे आणि पार्श्वभूमीत दिसणाऱ्या वस्तू असे तीन रकाने असतात. तिन्ही जुळेपर्यंत तो फोटो गोष्टीवर ठेवत नाही.

काकांच्या त्या वाक्यानंतर आत्याला मी पुन्हा खुर्चीत बसवले आणि फोटो न दाखवता फक्त पत्र्याबद्दल विचारले. पावसाळ्यात त्या हटमध्ये पत्र्यावर एवढा आवाज होई की बोललेले ऐकू येत नसे, म्हणून आई आणि ती हातांच्या खुणांनी स्वयंपाक करत, असे ती म्हणाली. दोन चिमटी म्हणजे मीठ, तळहात खाली म्हणजे आच कमी कर. सांगताना तिचे हात आपोआप हलू लागले होते. दुसऱ्या आवृत्तीत पदकाचा फोटो तिथे आहे, एकोणीस सेकंद, हालचाल न करता, आणि त्याच्या आधी व नंतर तिचे हात आहेत.