शिवरायांचं बालपण आणि बखरीतला बारा आकडा

‘बखरीत एक, पोवाड्यात दुसरंच. मग शिवाजी महाराजांच्या लहानपणाचं नेमकं खरं काय धरायचं?’

शिवजयंती जवळ आली की इथे नागपुरात, महाल भागातल्या ओळखीच्यांकडून हे हमखास विचारलं जातं.

पोवाड्याचं आधी सांगतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा जुना आणि मोलाचा आहे, पण तो १६५९चा प्रसंग गातो. शाहीर पराक्रम गातो. बाळपण त्याच्या वाट्याला येतच नाही. नंतरच्या पोवाड्यांत बाळपण येतं, पण तोवर दोन शतकं उलटलेली असतात.

बखरीत सभासदाची सगळ्यांत जवळची. कृष्णाजी अनंत सभासद स्वतः दरबारातला माणूस. महाराज गेल्यावर पंधरा-सतरा वर्षांनी त्यानं ती जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली. कारभार, गड, फौज यांबाबत त्याचं मोल फार मोठं. पण जन्माची तिथी तो देत नाही. तिथे शंभुमहादेव स्वप्नात येतात आणि मुलाला बारा वर्षंच जवळ ठेवायला सांगतात. पुढे राजे पुण्याला येतात ते बारा वर्षांचे असताना. आकडा स्वप्नाशी इतका चपखल जुळला की मला तो मोजलेला वाटत नाही, कथेनं मागितलेला वाटतो.

चिटणिसांची बखर आणखी उशिराची, महाराजांनंतर सुमारे १३० वर्षांनी लिहिलेली. तिच्यात जन्म शके १५४९, वैशाख, म्हणजे १६२७. दुसऱ्या बखरींत शक तोच, पण तिथी कुठे द्वितीया तर कुठे पंचमी. उलट टिळकांना जेधे घराण्याकडून मिळालेल्या शकावलीत, म्हणजे सालवार नोंदींच्या यादीत, कथा नाहीच, कोरडी नोंद आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. ही नोंद पडताळता येते. ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०, जुन्या ज्युलियन पद्धतीची. आजच्या पद्धतीनं १ मार्च, आणि वार शुक्रवारच येतो. (मोबाईलवर १९ फेब्रुवारी टाकून पाहाल तर मंगळवार दिसेल, फसू नका.) फाल्गुनी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी चंद्र हस्ताच्या आसपास असणंही बरोबर. शिवाय परमानंदाचं शिवभारत, महाराजांच्या हयातीतलं, हीच तिथी देतं. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या, म्हणून मी १६३० मानतो. तीन वर्षांचा हा फरक बालपणातल्या प्रत्येक प्रसंगाचं वय बदलतो.

तरी सभासद बाजूला ठेवू नका. सुप्याला संभाजी मोहिते मामा होते; शिमग्याच्या सणाचं पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायच्या निमित्तानं राजे गेले आणि मामालाच कैद केलं, असं तो लिहितो. यात देव नाही, स्वप्न नाही. शिवाय मामाला सणासुदीला पकडणं ही धन्याच्या गौरवासाठी कुणी मुद्दाम रचेल अशी गोष्ट नव्हे. साल तो सांगत नाही, पण घटना मी खरी धरतो.