काका भाग तीनपासून वाचायला बसले

“ताई, लेखमाला लिहायला घेतली आहे, तीन भाग तयार आहेत. विषय मोठा आहे, सहा-सात भाग सहज होतील. पण ते पाडायचे कसे? आणि कुणी मधल्याच भागावर येऊन पडलं, तर त्याला काय कळणार?”

माझी पहिली लेखमाला बडोद्याच्या ग्रंथालयांवर होती आणि तिची मांडणी पार चुकली होती. जसजशी माहिती हाती आली, तसतसे भाग लिहीत गेले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. ती पाहून मी इतकी हरखले की पहिला भाग तिच्यावरच झाला. तिसऱ्यात बॉर्डन आले, म्हणजे सयाजीरावांनी 1910 साली बोलावलेले अमेरिकन ग्रंथपाल. अमरेली तालुक्यातला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग 1893चा, पण त्याची कागदपत्रं मला उशिरा मिळाली म्हणून तो पाचव्यात गेला.

दांडिया बाजारातल्या आमच्या एका काकांना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता भाग तीन पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन. “अगं, छान लिहिलंयस. पण या अमेरिकेच्या माणसाला इथं बोलावायचं कारण काय? आपल्याकडे माणसं नव्हती?” उत्तर मी लिहून ठेवलं होतं, पण ते भाग पाचमध्ये, आणि भाग पाच अजून दोन आठवड्यांनी येणार होता. सक्तीमुळे वाचता येणारी पिढी तयार होत होती आणि तिला वाचायला काही हवं होतं, म्हणून राज्यभर ग्रंथालयं उभारायची होती. तशी व्यवस्था बसवण्याचा अनुभव असलेला माणूस हवा होता. हे माहीत नसलं तर बॉर्डन म्हणजे राजाची हौस वाटते. काकांना तसंच वाटलं होतं.

तेव्हापासून मी आधी चिठ्ठ्या करते. प्रत्येक भागाची एक. वर भागाचं नाव आणि खाली दोनच ओळी: ‘आधी काय ठाऊक हवं’ आणि ‘हा भाग काय देतो’. दुसरी ओळ एका वाक्यात मावली नाही, तर तो एक भाग नाही, दोन आहेत. मग चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या आणि बघायचं, की प्रत्येकीची पहिली ओळ तिच्या वरच्या कुठल्यातरी चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीतून भागते का. भागत नसेल तर चिठ्ठी खाली सरकते.

ग्रंथालयांच्या चिठ्ठ्या अशा लागल्या: अमरेली, 1893. मग 1906, सक्ती राज्यभर. मग बॉर्डन. त्यानंतर 1911चा ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग आणि खेड्यांत पाठवल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. या दोहोंना बॉर्डन लागतात, पण एकमेकांची गरज नाही, त्यामुळे कुठला आधी हा प्रश्न निव्वळ आवडीचा. मी वर्ग आधी घेतला. काचेची जमीन गेली शेवटी. जिवावर आलं, खरं सांगते. शेवटी तिच्यातला एक परिच्छेद उचलून पहिल्या भागाच्या दारात ठेवला आणि ‘इथवर पोहोचायला अमरेलीहून निघावं लागतं’ म्हणून पुढे गेले. क्रम सनावळीने लागला हा योगायोग. गरजेने लावताना पुष्कळदा सनावळी मोडते आणि ती मोडू द्यावी.

आता मधूनच येणाऱ्याचं. क्रम कितीही नीट लावला तरी लोक काकांसारखेच येतात. त्यात बहुतेक ठिकाणी नवं लेखन वर दिसतं, म्हणजे नुसती यादी उघडणाऱ्याला शेवटचा भाग सगळ्यात आधी भेटतो. म्हणून प्रत्येक भागाच्या डोक्यावर तीन-चार वाक्यांची उजळणी. इथे सगळे जण एकच चूक करतात, मीही केली: मागच्या भागात काय झालं ते सांगत बसतात. ‘मागील भागात आपण प्रशिक्षण वर्ग पाहिला’, बरं मग? पेट्यांच्या भागाला प्रशिक्षण वर्ग लागतच नाही. उजळणी चिठ्ठीच्या पहिल्या ओळीवरून लिहायची, मागच्या भागावरून नाही. पेट्यांच्या भागाची आता अशी आहे:

“1906पासून बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे खेड्यापाड्यांत वाचता येणारी मुलं तयार होत होती. 1910 साली आलेल्या बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाने राज्यभराच्या ग्रंथालयांची घडी बसवायला घेतली. पुस्तकं शहरात आणि वाचणारे खेड्यात, अशी अडचण होती. हा भाग त्यावरच्या उपायाचा.”

यातलं पहिलं वाक्य भाग दोनमधून आलं, दुसरं तीनमधून. ‘सक्तीचं होतं’ आणि ‘बॉर्डन’ या शब्दांवर त्या त्या भागाची लिंक. चौथा भाग कुठेच नाही. उजळणी तिरप्या अक्षरांत ठेवते, म्हणजे ओळीने वाचत आलेला माणूस ती ओलांडून जातो. ती चार वाक्यांच्या वर जायला लागली, की मी ती छाटत बसत नाही, पुन्हा चिठ्ठ्यांकडे जाते. एका भागाला मागचं इतकं सगळं लागत असेल तर काप चुकीच्या जागी पडलेला असतो.

लिंकांचं फार काही नाही. वर मालेच्या मुख्य पानाची, खाली मागच्या आणि पुढच्या भागाची, तीही ‘पुढे वाचा’ अशी मुकी नको, ‘पुढचा भाग: पेटीतून आलेली पुस्तकं’ अशी नावासकट. मजकुराच्या मध्ये लिंक शक्यतो मागेच न्यावी. पुढच्या भागाकडे बोट दाखवलं की वाचक तिकडे जातो आणि चालू भाग अर्धाच राहतो. क्रम फक्त मुख्य पानाला माहीत असावा, पत्त्याला नाही. मी पूर्वी पत्त्यातच आकडा घालत असे:

```
/granthalay-bhag-5
```

अमरेली पाचव्यावरून पहिली झाली, तेव्हा हा पत्ता खोटं बोलायला लागला. बदलावा, तर लोकांनी पुढे पाठवलेल्या लिंका मेल्या. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय करता येते, पण सहा भागांची ती उस्तवार करण्यात माझा एक रविवार गेला. आता विषयच घालते:

```
/granthalay/amreli-1893
/granthalay/pustak-peti
```

भाग कितीही सरकोत, हे तसेच राहतात. ‘भाग 3/6’ असं मथळ्यात लिहायचं असेल तर सहाही भागांचा कच्चा खर्डा झाल्यावरच लिहा. नाहीतर सातवा उपटतो आणि पाच मथळे दुरुस्त करावे लागतात. तोवर नुसतं ‘भाग 3’ पुरे.

एक काम मात्र हमखास राहून जातं. नवा भाग टाकला की आधीच्या भागाच्या तळाशी जाऊन ‘पुढचा भाग’ची लिंक जोडायची. मागे जाणारी लिंक नव्या भागात लिहिताना आपोआप सुचते, पुढे नेणारी जुन्या पानावर असते, म्हणून विसरते. ती विसरल्याचं असं कळतं: पहिला भाग भरपूर वाचला जातो आणि दुसऱ्यावर जवळजवळ कुणी नाही. वाचक कंटाळला म्हणून आपण उसासे टाकतो. त्याला रस्ताच दिलेला नसतो.

तुमचे तीन भाग तयार आहेत म्हणालात ना? मग त्यातला दुसरा तेवढा घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर उघडून द्या, पहिल्याबद्दल काही न सांगता. ‘हा कोण?’ असं ते ज्या नावापाशी विचारतील, ते नाव उजळणीत घ्या.