पाऊण भागिले अर्धा

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. शेजारच्या काकूंचा मुलगा सहावीत आहे, त्याला संध्याकाळी अपूर्णांक शिकवायला घेतले. भागाकार तो धडाधड करायचा: दुसरा अपूर्णांक उलटा, मग गुणाकार, संपलं. ३/४ ÷ १/२ चं उत्तर त्याने दीड काढलं आणि मग थबकला. "ताई, भागल्यावर कमी व्हायला हवं ना? पाऊणचं दीड कसं झालं?"

नियम परत म्हणून दाखवून ही शंका फिटणारी नव्हती. पातेल्यात पाऊण लिटर पाणी घेतलं आणि अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. एक भरली, पातेल्यात पाव लिटर उरलं. "म्हणजे एक आणि पाव. सव्वा!" वहीत दीड, समोर सव्वा.

इथे उत्तर सांगून टाकायचा फार मोह होतो. मी एवढंच विचारलं, "पाव काय? लिटर की बाटली?" तो जरा गप्प बसला, मग उरलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं. ती अर्धी भरली. आपण बाटल्या मोजतोय, तर उरलेलंही बाटलीनेच मोजायचं, हे त्याचं त्यालाच दिसलं.

मग अपूर्णांक उलटा का करायचा? एका लिटरात अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरतात, म्हणून पाऊण लिटरात दोनच्या पाऊणपट, म्हणजे दीड. बाटली २/३ लिटरची असती तर? एका लिटरात एक भरून १/३ लिटर उरतं, आणि ती अर्धी बाटली. म्हणजे दीड, ३/२. उलटा केलेला अपूर्णांक सांगतो की एका लिटरात ते माप किती वेळा मावतं. कॉलेजात 'भागाकार म्हणजे गुणाकार व्यस्ताने गुणणं' ही व्याख्या मी परीक्षेत कितीदा लिहिलीय, पण तिच्यामागे असं मोजमाप असतं हे या पातेल्यापाशी कळलं. शून्याला व्यस्त का नाही, तेही: शून्य लिटरच्या बाटल्या कितीही भरा, लिटर काही संपत नाही.

"समजलं का?" हे मी आता विचारत नाही, कारण त्यावर पोरं हमखास 'हो' म्हणतात. आकडेमोडीआधी उत्तर एकाहून मोठं येईल की लहान ते विचारते, आणि शेवटी त्यालाच शाब्दिक उदाहरण रचायला सांगते. खरी गोम तिथेच बाहेर येते. १/२ ÷ ३/४ साठी त्याने लिहिलं, 'अर्धा लिटर दूध पाऊण माणसांत वाटलं.' भागाकार म्हणजे वाटणी हे डोक्यात इतकं घट्ट, की माणसाचेही तुकडे झाले! दोघंही पोट धरून हसलो. मग म्हटलं, माणसं सोड, भांडं घे. त्याने खोडून लिहिलं, 'पाऊण लिटरच्या बरणीत अर्धा लिटर तेल ओतलं, तर बरणी किती भरली?' आणि गणित न मांडताच म्हणाला, "एकाहून कमी येणार." उत्तर आलं २/३.