उशी टाचेखाली

"मॅडम, रिहॅब क्लिनिकला अर्ज करतेय. पेशंटची प्रगती आणि 'मला नीट समजावून सांगता येतं' हे कागदावर दाखवायचं कसं?"

फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली की हा प्रश्न मला दरवर्षी येतो. माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहूच नका. एकच केस घ्या, आणि तिच्यातही प्रगती जिथे अडली होती ती जागा घ्या. 'अनेक ऑर्थो आणि न्यूरो पेशंट हाताळले' हे सगळेच लिहितात आणि वाचणारा ते वाक्य ओलांडून पुढे जातो.

समजा, साठीतल्या एका काकूंचं नी रिप्लेसमेंट झालंय. तिसऱ्या आठवड्यात त्या वॉकर घेऊन येतात. गुडघा स्वतःहून ७० अंश वाकतो. सरळ करताना मात्र तुम्ही हाताने दाबूनही १५ अंश कमी पडतात. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, या चाचणीला २६ सेकंद लागतात. ही झाली सुरुवात. 'स्वतःहून' की 'हाताने दाबून' हे लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि मग त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पुढची मोजणीही त्याच स्थितीत, त्याच उंचीच्या खुर्चीवर झालेली हवी. वॉकर सुटून काठी आली असेल तर तेही सेकंदांच्या शेजारी लिहा. गोनिओमीटरने मोजताना पाचेक अंशांचा फरक हातामुळेही पडतो, त्यामुळे ७० चे ७३ झाले याला प्रगती म्हणू नका. अनुभवी माणूस तिथेच हसतो.

दोन आठवड्यांनी गुडघा ९० अंश वाकायला लागला, पण सरळ होणं १५ वरच अडकलं. अर्जातला सगळ्यात मोलाचा मजकूर इथे आहे. व्यायाम रोज होतायत, वाकणं वाढतंय, मग हेच का अडलं? अशा वेळी 'घरी व्यायाम करता ना?' असं विचारलं तर 'हो' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'काकू, रात्री कशा झोपता ते दाखवा बरं' म्हणावं. काकू आडव्या होतात आणि सवयीने उशी ओढून गुडघ्याखाली घेतात!

सांध्यात सूज असली की गुडघा थोडा वाकलेला ठेवल्यावर आतला ताण कमी होतो, म्हणून उशीने खरोखरच बरं वाटतं. पण तासन् तास तसाच राहिलेला गुडघा मागच्या बाजूने आखडतो. 'उशी घेऊ नका' एवढंच सांगितलं तर काकू मान डोलावतील आणि घरी जाऊन पुन्हा उशी घेतील. म्हणून काय बोललात ते अर्जात जसंच्या तसं लिहा: "काकू, उशीने आराम पडतो हे खरंय. पण रात्रभर गुडघा वाकलेला राहिला की मागच्या शिरा तशाच आखडतात आणि चालताना पाय लंगडतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या, गुडघा मोकळा सोडा. एका वेळी पाच-दहा मिनिटं, सोसेल तेवढंच." आणि लगेच पुढचं वाक्य: "आता घरी सूनबाईंना कसं सांगाल, ते मला सांगा." काकूंनी उत्तरात काय सांगितलं, तेही एका ओळीत येऊ द्या. समजलं की नाही, याचा पुरावा त्यांच्या उत्तरात आहे. अर्ज इंग्रजीत असला तरी ही वाक्यं मराठीतच ठेवा आणि खाली अर्थ द्या. क्लिनिकमध्ये तुम्ही बोलणार मराठीतच.

मग शेवटची मोजणी: नवव्या आठवड्यात वाकणं १०५ अंश, सरळ होण्यात ५ अंशांची कमतरता, काठीसह १४ सेकंद. त्यापुढे, काकू एका हाताने कठडा धरून जिना उतरू लागल्या. त्यांना मुळात हेच हवं होतं, त्यामुळे हे वाक्य आकड्यांइतकंच ठळक असू द्या. काय राहिलं तेही लिहा: मांडी घालून बसणं नाही, आणि ते ध्येयही ठेवलं नव्हतं. 'माझ्या उपचारांमुळे' हा शब्दप्रयोग टाळा. या काळात सूज उतरते, दुखणं कमी होतं, बरीच सुधारणा तशीही होते. तुम्ही अडथळा शोधलात आणि त्यानंतर सरळ होणं सुधारलं, एवढा दावा पुरेसा आहे आणि तो टिकतो. मुलाखतीत 'उशीच कारणीभूत कशावरून?' असं कुणी विचारलंच, तर खात्रीने सांगता येणार नाही असंच म्हणा. वाकणं वाढत असताना सरळ होणं थांबलं होतं आणि बाकी व्यायाम तेच ठेवले होते, म्हणून संशय तिकडे गेला.

हे सगळं अर्ध्या पानात बसतं. नाव, गाव, केस नंबर, ऑपरेशनची तारीख काहीही नको, 'साठीतल्या' पुरे. एक्स-रेचा फोटो जोडायचा मोह होतो, पण त्याच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं. तो जोडूच नका.