'अ' कुठे अन् 'द' कुठे

"सर, मराठीत तर असं काही लावावं लागत नाही, मग इंग्रजीत कुठे 'अ' लावायचा अन् कुठे 'द' हे कळावं कसं? काही ट्रिक सांगा नं."

ट्रिक आहे. वाक्य बोलायच्या आधी मनात बघायचं, की समोरचा "कोणता?" म्हणून विचारू शकतो का. विचारू शकत असेल तर 'अ', आणि कोणता ते त्याला आधीच कळलेलं असेल तर 'द'. आणि हा फरक मराठीत नाही असं नका समजू, फक्त तो वेगळ्या जागी लपलाय. "आम्ही मुलगी पाहायला गेलो" म्हटलं की लग्नाचं चाललंय, मुलगी कोण ते ऐकणाऱ्याला माहीत नाही. "मुलीला पाहायला गेलो" म्हटलं की ती अमुकच मुलगी, कदाचित दवाखान्यात ॲडमिट असलेली. हे तुम्ही रोज बरोबर बोलता, इंग्रजीत फक्त दरवेळी शब्दाच्या आधी बोलून दाखवावं लागते.

माझ्या क्लासमधल्या एका पोराने लिहिलेलं घ्या: "आय बॉट मोबाइल फ्रॉम शॉप इन बर्डी. मोबाइल स्टॉप्ड वर्किंग. आय वेंट बॅक टु शॉप. ओनर सेड ही नीडेड बिल."

पहिल्या वाक्यात मोबाइल कोणता, दुकान कोणतं, ऐकणाऱ्याला काहीच माहीत नाही (बर्डीवर मोबाइलची दुकानं काय एक आहेत का), म्हणून अ मोबाइल, अ शॉप. दुसऱ्या वाक्यापासून दोन्ही ओळखीचे झाले, म्हणून द मोबाइल, द शॉप. इथपर्यंत शाळेतही शिकवतात. खरी गंमत ओनरची आहे. त्याचं नाव आधी कुठंच आलं नाही, तरी तो 'द ओनर', कारण दुकान म्हटलं की मालक आलाच, अन् तो साधारण एकच, "कोणता मालक?" असं कोणी विचारत नाही. बिलाचंही तेच, त्या मोबाइलचं बिल एकच, म्हणून 'द बिल'. 'अ बिल' म्हटलं तर कुठलंही एखादं बिल आणलं तरी चालेल असा अर्थ निघेल. आता मालकाच्या जागी सेल्समन टाका. काउंटरवर चार-पाच पोरं उभी असतात, त्यातला कोणता ते ठरलेलं नाही, म्हणून 'अ सेल्समन सेड'. म्हणजे पहिल्यांदा 'अ' आणि दुसऱ्यांदा 'द' हा पाठ केलेला नियम अर्धाच आहे. आधी उल्लेख नसला तरी संदर्भावरून एकच ठरत असेल तर थेट 'द' येतो.

आता ही ट्रिक कुठे फसते तेही सांगतो. एक म्हणजे धंदा-नोकरी. "माझे बाबा शेतकरी आहेत" यात कोणी "कोणता शेतकरी?" विचारत नाही, म्हणून पोरं काहीच लावत नाहीत आणि "माय फादर इज फार्मर" म्हणून मोकळी होतात. तिथे अ फार्मर, अ टीचर लागतोच. दुसरं, सरसकट सगळ्यांबद्दल बोलताना अनेकवचनाला काही लावायचं नाही. "ऑरेंजेस आर गुड फॉर यू" म्हणजे जगातली सगळी संत्री. "द ऑरेंजेस वेअर सावर" म्हणजे काल तुम्ही पाठवलेली तीच. ट्रिक नवीन शिकलेले लोक जोशात "द लाइफ इज डिफिकल्ट" लिहितात, तो 'द' काढून टाका. गावाच्या नावालाही नको, नुसतं नागपूर. तलावालाही नको, अंबाझरी लेक. नदीला मात्र पाहिजे, द नाग रिव्हर. हे का म्हणून डोकं नका लावू, इंग्रजीत तसंच बोलतात.

राहिला 'अ' की 'ॲन'. शब्द मराठीत लिहून बघा, पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. ऑनेस्ट, एक्स-रे, अम्ब्रेला यांना ॲन, युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे यांना अ. स्पेलिंगकडे बघायचंच नाही. फक्त आपल्या उच्चारात दोन खड्डे आहेत. आपल्याकडे बरेच लोक एमएला 'यमए' आणि एसपीला 'यसपी' म्हणतात अन् मग 'अ यमए' लिहितात, तिथे बरोबर ॲन एमए, ॲन एसपी. आणि वर्षाला आपण 'इयर' म्हणतो, पण इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला 'य' ऐकू येतो, म्हणून अ यीअर. कान म्हणाल तर ॲन इअर.