कॅप्शन लिहिण्याआधी गेटवर फोन

दुपारी साडेतीनला आयोजकांचा मेसेज आला, ‘ताई, पोस्टर तयार हाय. दोन ओळी लिहून द्या, पाचला पोस्ट सोडायची.’ सोबत मोठी व्हॉइस नोट. शनिवार १७ जानेवारी, मिरज रोडवरचं लॉन, सांगलीतल्याच पाच पोरांचा बँड. त्याआधी गिटार आणि कहॉन, म्हणजे हातानं वाजवायचं लाकडी खोकं, वाजवणारी कॉलेजमधली जोडी, शेवटच्या दोन गाण्यांना मिरजेचे एक तबलजी. खुर्चीचं तिकीट ५९९, स्टेजसमोर उभं राहायचं ९९९. ‘आणि सगळ्या वयोगटाचं स्वागत, असं टाका.’

मी सांगलीत दुकानांच्या, क्लासेसच्या पोस्ट लिहिते. साड्यांच्या सेलचं कॅप्शन चुकलं तर फार तर कुणी कमेंटमध्ये भाव विचारतं. इथं मात्र गेटवर भांडण होतं.

आधी दर घेतले. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असलं तर त्यावर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की १८ टक्के, आणि तोही ५००च्या वरच्या रकमेवर नाही, अख्ख्या तिकिटावर. आयोजकांचा मंडपाचा धंदा, त्यामुळे जीएसटी नंबर आहेच. कर धरून ५९९ घेतले तर त्यातले साधारण ९१ रुपये कराचे, हातात ५०८ राहतात. ४९९ ठेवले तर अख्खे ४९९ हातात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून शंभर जास्त काढायचे आणि आपल्याला मिळणार नऊ. फोनवर हे सांगितलं तर पलीकडे थोडा वेळ नुसता कॅल्क्युलेटरचा टिकटिक आवाज. ‘मग ४९९च करा की!’ पुढच्या तिकिटाचे ९९९ तसेच ठेवले, फक्त ‘कर धरून’ जोडलं. नाहीतर पैसे भरताना आकडा वाढतो आणि लोक तिथंच सोडून देतात.

वयाचं कोडं अवघड होतं. स्टेजसमोर गर्दी, मोठे सबवूफर, सगळे उभे. तिथं सहा वर्षांचं पोर कुठं ठेवणार? शेवटी पुढं १६ वर्षं पूर्ण झालेल्यांनाच घ्यायचं, खुर्च्यांत सगळ्यांना, असं ठरलं. पण हे पाळणार कोण? म्हणून गेट सांभाळणाऱ्या मामांना फोन लावला. ते म्हणाले, ‘ताई, अंधारात, मागं दोनशे माणसं ढकलत असताना मी वय मोजू काय? तारीख सांगा. या तारखेच्या आधी जन्मला तर आत, नाहीतर खुर्चीत.’ मला हे फार पटलं. वय मोजताना प्रत्येक बापाचं गणित वेगळं असतं. जन्मतारीख आधार कार्डावर छापलेलीच असते.

वेळाही तशाच पक्क्या केल्या. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि नुसतं ‘सहापासून’ लिहिलं की आपली माणसं आठलाच उगवतात. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत चालतं, पण स्क्रोल करताना पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. म्हणून ‘सांगलीकरांनो, तयार आहात ना?’ ही आयोजकांची लाडकी ओळ उडवली. पोस्ट गेली ती अशी:

शनिवार १७ जानेवारी, सांगली. खुर्ची ४९९, स्टेजसमोर उभं ९९९ (कर धरून).
गेट ५.३०. गिटार-कहॉन ६.३०. मुख्य बँड ७.४५ ते ९.४५, शेवटी तबल्याची साथ.
स्टेजसमोर फक्त जन्मतारीख १७ जानेवारी २०१० किंवा त्याआधीची. आधार किंवा डिजिलॉकर दाखवा. वय बसलं नाही तर खुर्चीत जागा, फरक गेटवर परत.
५ वर्षांखालचं मूल मांडीवर, तिकीट नको, फक्त खुर्च्यांच्या भागात.
एका क्यूआरवर एकच माणूस. पहिला स्कॅन होईल तोच आत. बाहेर गेल्यावर परत प्रवेश नाही.

‘फरक परत’वर आयोजक कुरकुरले. एकच तिकीट चार मित्रांना फॉरवर्ड करायची सवय सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे क्यूआरच्या ओळीला मात्र लगेच हो म्हणाले. हेच कॅप्शन मामांनी छापून गेटच्या खांबाला चिकटवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सातच्या सुमाराला तासगावहून आलेले एक गृहस्थ अडले. मुलीकडं ९९९चं तिकीट, जन्म मार्च २०१०चा. ‘दोन महिन्यांनी काय होतंय हो?’ त्यांचा आवाज चढला. मामांनी वाद घातला नाही, खांबाकडं बोट केलं. गृहस्थांनी वाचलं, मुलीनं तर आधीच वाचलेलं होतं. ती खाली बघत म्हणाली, ‘पप्पा, मी म्हटलं होतं.’ काउंटरवरून ५०० रुपये यूपीआयनं परत गेले आणि दोघं खुर्च्यांकडं वळले.

रात्री हिशोब करताना आयोजकांनी विचारलं, ‘असे परत किती गेले?’ तीन तिकिटांचे, म्हणजे दीड हजार. ‘बरं,’ म्हणाले, ‘पुढच्या वेळी तारीख पोस्टरवरच मोठी टाका.’