लई लवकर आलास की!

आमच्या खडेबाजारातल्या दुकानात बैलहोंगलचा एक पोरगा नवा लागलाय. घरी कन्नड, मराठी आत्ता शिकतोय. आज तो अर्धा तास उशिरा आला. काकू म्हणाल्या, "लई लवकर आलास की!" तो खुशीत म्हणाला, "हो काकू, बस लगेच मिळाली." सगळे हसले, तो बावरला. मला वाईट वाटलं.

दुपारी त्याला तेच वाक्य दोन्ही तऱ्हेनं म्हणून दाखवलं. खरं कौतुक असलं की 'लवकर' झटकन येतं आणि आवाज वर उडी घेतो. टोमण्यात काकूंनी 'लई' चांगलंच ताणलं होतं, 'लवकर' सावकाश आणि सपाट आलं होतं. तो म्हणाला, "दादा, मी शब्द जुळवत होतो, आवाजाकडे लक्षच नव्हतं." खरंय. नव्या भाषेत अर्थ लावण्यातच सगळं ध्यान जातं. शिवाय काकूंचा नेहमीचा सूर माहीत असल्याशिवाय तो बदललेला कळणार कसा? घड्याळ बघितलं असतं तरी शंका आली असती.

संध्याकाळी काकू त्याला म्हणाल्या, "साडीची घडी झकास घातलीस रे." अगदी मनापासून. तर हा माझ्याकडे बघून हळूच विचारतो, "दादा, हे खरं काय?"